विनंती बाहेर पडते कुठून?

समजा, तासगावातला एक बेदाणा व्यापारी आपला माल वेबसाइटवरून विकतो. ऑर्डर आली की त्याचं सॉफ्टवेअर कुरिअर कंपनीच्या सर्व्हरकडून पार्सलचा नंबर मागवतं आणि लेबल छापून देतं. हे सॉफ्टवेअर ॲमेझॉनच्या मुंबईतल्या क्लाउडवर चालतं. वर्षभर काही तक्रार नाही. दिवाळी जवळ आली, ऑर्डरी वाढल्या आणि दुपारच्या वेळी लेबलं अडकायला लागली. सगळी नाहीत, अधूनमधून काही. अडकलेल्या प्रत्येक ऑर्डरपुढे एकच ओळ: `403 Forbidden`.

सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या मुलीने पुण्यातल्या ऑफिसच्या लॅपटॉपवरून तीच विनंती, तीच गुप्त किल्ली वापरून पाठवली. नंबर लगेच आला. कुरिअरवाले म्हणाले, आमच्याकडे सगळं सुरळीत आहे. रात्री तिने थेट सर्व्हरवर जाऊन पाहिलं, तर तिथूनही काम होत होतं.

इथे ४०३ नेमकं काय सांगतो ते नीट वाचायला हवं. विनंती पोहोचली, समोरच्याला ती कळली, पण तो ती पुरी करायला तयार नाही. म्हणजे इंटरनेट बंद नाही आणि समोरचा सर्व्हरही बंद नाही. ओळखच पटली नाही तर साधारणपणे ४०१ येतो. ४०३ मागे कारणं बरीच असतात, पण तीच विनंती आणि तीच किल्ली एका जागेवरून चालते आणि दुसऱ्या जागेवरून चालत नाही, तेव्हा किल्ली तपासत बसण्यात अर्थ नसतो. फरक जागेत आहे.

कुरिअर कंपनीने आपल्या दारावर परवानगीची यादी ठेवलेली असते. सोसायटीचा वॉचमन जसा गाडीत कोण बसलंय हे न पाहता नंबरप्लेट बघून गेट उघडतो, तशी ही यादी फक्त आयपी पत्ता बघते. करार करताना व्यापाऱ्याने दोन पत्ते दिले होते: क्लाउडचा एक आणि ऑफिसचा एक. म्हणून ऑफिसचा लॅपटॉप बिनबोभाट आत जात होता. त्या लॅपटॉपवरची चाचणी प्रामाणिक होती, पण तिने सर्व्हरबद्दल काहीच सिद्ध होत नव्हतं.

आता सर्व्हरकडे वळू. क्लाउडमधल्या मशीनला आतला एक पत्ता असतो, उदाहरणार्थ `10.0.1.25`. हा पत्ता बाहेरच्या जगाला दिसत नाही. विनंती बाहेर पडताना नॅट गेटवे नावाच्या नाक्यावरून जाते आणि तिथे तिच्यावर त्या नाक्याचा सार्वजनिक पत्ता चढतो. कुरिअर कंपनीला दिसतो तो हाच. मुंबईचा क्लाउड वेगवेगळ्या झोनमध्ये विभागलेला आहे, आणि एक झोन बंद पडला तरी काम चालू राहावं म्हणून प्रत्येक झोनला स्वतंत्र नॅट गेटवे देण्याची चांगली पद्धत आहे. व्यापाऱ्याची मांडणी अशीच होती. एरवी एकच मशीन पहिल्या झोनमध्ये चाले आणि `203.0.113.10` या पत्त्याने बाहेर पडे. गर्दी वाढली की क्लाउड आपणहून दुसरं मशीन दुसऱ्या झोनमध्ये उभं करी. ते बाहेर पडे `198.51.100.77` वरून, आणि हा पत्ता कुरिअरच्या यादीत कधी गेलाच नव्हता. गर्दी ओसरली की ते मशीन नाहीसं होई. म्हणून रात्री सगळं ठीक दिसत होतं!

हे तिला कळलं ते नोंदींवरून. फसलेल्या विनंत्या तिने वेगळ्या काढल्या. त्या सगळ्या `10.0.2` ने सुरू होणाऱ्या मशीनच्या होत्या, यशस्वी झालेल्या सगळ्या `10.0.1` च्या. मग दुसऱ्या दिवशी भर दुपारी, दुसरं मशीन जिवंत असताना, तिने त्याच्यावरच जाऊन दोन ओळी चालवल्या:

```
curl -4 https://checkip.amazonaws.com
curl -4 -i https://api.example.com/ping
```

पहिली ओळ सांगते, आपण जगाला कोणत्या पत्त्यावरून दिसतो. दुसरीत कुरिअरचा खरा पत्ता घालायचा. ती त्याचं उत्तर शीर्षकांसकट दाखवते. त्या शीर्षकांवरून पुष्कळदा कळतं की नकार खुद्द कुरिअरच्या सॉफ्टवेअरने दिला की त्याच्या पुढे बसलेल्या सुरक्षा सेवेने. दुसरी शक्यता जास्त असेल तर कुरिअरच्या प्रोग्रॅमरला आपल्या नोंदींत काहीच न दिसणं साहजिक आहे, कारण विनंती त्याच्यापर्यंत गेलेलीच नसते. `-4` चंही कारण आहे. मशीनला जुना आणि नवा असे दोन्ही प्रकारचे आयपी पत्ते असतील आणि यादीत फक्त जुन्या प्रकारचा असेल, तर नव्या वाटेने गेलेली विनंती अडते. `-4` आणि `-6` लावून दोन्ही वाटा वेगवेगळ्या तपासता येतात.

पत्ता बदलायला गर्दीच लागते असंही नाही. ॲमेझॉनवरचं साधं मशीन पूर्ण थांबवून परत सुरू केलं, तर आपोआप मिळालेला सार्वजनिक पत्ता बदलतो. कायमचा हवा असेल तर इलास्टिक आयपी वेगळा घ्यावा लागतो. सर्व्हरशिवाय चालणाऱ्या सेवांमध्ये तर बाहेरचा पत्ता मुळात स्थिर नसतोच. त्या मुद्दाम एका नॅट गेटवेमागे आणाव्या लागतात.

परदेशातल्या मराठी माणसाला हेच दुखणं वेगळ्या रूपात भेटतं. भारतातल्या काही सरकारी साइट्स देशाबाहेरून उघडत नाहीत. कधी ४०३ येतो, कधी नुसतं चक्र फिरत राहतं. आयपी पत्त्यात देशाचं नाव लिहिलेलं नसतं. कोणता पत्ता कुठल्या देशातला, हे मॅक्समाइंडसारख्या कंपन्यांच्या माहितीसंचातून ताडलं जातं. पत्त्यांचे गट विकले जातात, देश बदलतात, आणि संच मागे राहतो. त्यामुळे मुंबईत बसलेलं मशीनही परदेशी ठरू शकतं. दुबईतल्या हॉटेलच्या वायफायवर न उघडणारी साइट भारतीय सिमच्या रोमिंगवर बऱ्याचदा उघडते, कारण रोमिंगचा डेटा सहसा आपल्या कंपनीच्या भारतातल्या जाळ्यातून बाहेर पडतो. माणूस तोच, फोन तोच, बाहेर पडण्याची जागा मात्र वेगळी.

व्यापाऱ्याला घाईत दोन सल्ले मिळाले आणि दोन्ही वाईट होते. एक, मुंबई क्लाउडचे सगळेच पत्ते यादीत घाला. ते पत्ते ॲमेझॉन जाहीर करतं, त्यामुळे करणं सोपं आहे. पण मग तिथे मशीन भाड्याने घेणाऱ्या कोणालाही यादी अडवणार नाही. दुसरा, तोवर मोबाइलच्या हॉटस्पॉटचा पत्ता घाला. मोबाइल कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असंख्य ग्राहक बसवतात आणि तो पत्ता बदलतही राहतो.

तिने कुरिअर कंपनीला लिहिलं ते थोडक्यात आणि नेमकं: नाकारलेल्या विनंतीची सेकंदापर्यंतची वेळ, भारतीय वेळेत असल्याचा उल्लेख, बाहेरचा पत्ता आणि उत्तरात आलेला विनंती क्रमांक. एवढ्यावर त्यांना नोंद सापडली आणि `198.51.100.77` यादीत गेला.

त्यानंतर तिने आणखी एक काम केलं. पुढे कधी नाका बदलला तर क्रम कसा ठेवायचा ते लिहून ठेवलं: आधी नवा पत्ता यादीत, मग त्यावरून चाचणी, मग वाहतूक तिकडे, आणि जुना पत्ता यादीतून निघाल्याची खात्री झाल्यावरच तो ॲमेझॉनला परत. कारण सोडलेला पत्ता क्लाउड दुसऱ्या ग्राहकाला देतं, आणि कुरिअरच्या यादीत तो राहून गेला असेल तर ते दार त्या अनोळखी ग्राहकासाठीही उघडंच असतं.