कुंडलीतला आकडा म्हणजे घर नव्हे: हाताने लिहिलेली पत्रिका टाईप कशी करायची

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं पडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. आज एक कागद आणि पेन जवळ ठेवा, कारण मधे एक कुंडली काढायची आहे.

सुरुवात माझ्याच चुकीपासून. पोखर्णीला, म्हणजे आपल्या परभणीजवळच्या नृसिंहाच्या पोखर्णीला, आमच्या घरी ताईची पत्रिका होती. गुरुजींनी हाताने लिहिलेली, घड्यांवर फाटत चाललेली. काका म्हणाले, "मोबाईलवर नीट टाईप करून दे, स्थळांना पाठवायला बरं." मी अर्ध्या तासात तक्ता केला आणि पाठवून दिला. चार दिवसांनी मध्यस्थ मामांचा फोन आला, "दादा, मुलीला आठवा मंगळ आहे, आधी सांगायचं ना!" काका चक्रावले. घरात आजवर कुणी ताईला मंगळ आहे असं म्हटलं नव्हतं. मूळ कागद काढून बघितला, तर मंगळ तिसऱ्या घरात होता. आठव्यात नेऊन बसवला होता तो मी.

झालं असं. आपल्याकडे चौकोनात तिरक्या रेषा मारून जी कुंडली काढतात, तिच्यात घरांच्या जागा ठरलेल्या असतात. वरचा मधला चौकोन पहिलं घर, म्हणजे लग्न. तिथून डावीकडे वळायचं, घड्याळाच्या उलट. वर डावा त्रिकोण दुसरं, त्याच्या खालचा डाव्या कडेचा त्रिकोण तिसरं, डावा मधला चौकोन चौथं. असं फिरत खालचा मधला चौकोन सातवं, उजवा मधला दहावं आणि वर उजवीकडचा त्रिकोण बारावं.

मग त्या घरांत लिहिलेले आकडे कशाचे? ते राशीचे आकडे आहेत: 1 मेष, 2 वृषभ, 3 मिथुन, 4 कर्क, असं 12 मीनपर्यंत. ताईचं लग्न कन्या, म्हणून पहिल्या घरात 6 लिहिलेलं. तिसऱ्या घरात 8, म्हणजे वृश्चिक, आणि शेजारी 'मं'. मी तो 8 बघितला आणि 'घर' या रकान्यात 8 टाकला. मंगळ बघताना पहिलं, चौथं, सातवं, आठवं, बारावं ही घरं धरतात. एका रकान्याच्या चुकीने ताई मंगळाची झाली.

आता सरावासाठी कुणाच्या घरची पत्रिका नको. 15 ऑगस्ट 1947, मध्यरात्र, दिल्ली. स्वतंत्र भारताची ही कुंडली ज्योतिषाच्या पुस्तकांत सगळीकडे असते. कागदावर काढा: वरच्या मधल्या चौकोनात 2 आणि 'रा'. डावीकडे वळून पुढच्या घरात 3 आणि 'मं'. त्याच्या पुढे 4, आणि त्यात 'र चं बु शु श' अशी पाच ग्रहांची गर्दी. सहाव्या घरात 7 आणि 'गु'. सातव्यात 8 आणि 'के'. बाकी घरांत नुसते आकडे.

टाईप करताना घर हा रकाना आधी भरायचा, 1 ते 12, कागदाकडे न बघता. नंतर राशी, आणि शेवटी ग्रह:

```
घर | राशी       | ग्रह
1  | 2 वृषभ     | राहू
2  | 3 मिथुन    | मंगळ
3  | 4 कर्क     | रवि, चंद्र, बुध, शुक्र, शनि
4  | 5 सिंह     | -
5  | 6 कन्या    | -
6  | 7 तूळ      | गुरू
7  | 8 वृश्चिक  | केतू
8  | 9 धनु      | -
9  | 10 मकर     | -
10 | 11 कुंभ    | -
11 | 12 मीन     | -
12 | 1 मेष      | -
```

रिकामी घरंही लिहायची. ती गाळली की वाचणारा पुन्हा मोजायला लागतो आणि चुकतो.

गूगल शीटमध्ये करत असाल तर राशीचा आकडा स्वतः टाकूच नका. `E1` मध्ये लग्नाचा आकडा टाका, इथे 2. `A2` पासून खाली घरं 1 ते 12. मग `B2` मध्ये हे टाकून खालपर्यंत ओढा:

```
=MOD($E$1+A2-2,12)+1
```

शीटने काढलेले बारा आकडे कागदावरच्या आकड्यांशी जुळले, तर तुम्ही बरोबर दिशेने फिरलात. उजवीकडे फिरला असाल तर दुसऱ्याच घरात गाडी अडते.

पुढचा त्रास अक्षराचा. 'गु', 'शु' आणि 'बु' घाईच्या हस्ताक्षरात सारखेच दिसतात. 'शु'चा उकार पुसला की शुक्राचा शनि होतो. 'र' म्हणजे रवि, 'रा' म्हणजे राहू. काना घडीत गेला की संपलं. म्हणून आधी मोजा: नऊ ग्रह, प्रत्येक एकदाच. 'ह', 'ने', 'प्लू' दिसले तर ते हर्षल, नेपच्यून, प्लूटो, नवाच्या बाहेरचे.

मग आकाशालाच विचारा. राहू आणि केतू नेहमी समोरासमोर, एकमेकांपासून सातव्या घरात. आपल्या तक्त्यात पहिलं आणि सातवं, बरोबर. बुध सूर्यापासून फार लांब दिसत नाही, म्हणून तो रवीच्या घरात किंवा शेजारच्या घरातच हवा. शुक्र जास्तीत जास्त दोन घरं लांब. रवीची राशी तारखेवरून कळते: साधारण 16 जुलै ते 16 ऑगस्ट कर्क, म्हणून 15 ऑगस्टला कर्केत, जुळलं. चंद्राची राशी पत्रिकेत 'जन्मराशी' म्हणून वेगळी लिहिलेली असते, तिच्याशी ताडून बघा. तिथीही साक्ष देते: 16 ऑगस्ट 1947 ला अमावस्या होती, म्हणून आदल्या दिवशी चंद्र रवीच्या जवळच असणार, आणि तो आहे.

बुध रवीपासून चार घरं लांब निघाला तर? अक्षरावर शंका घेण्याआधी कुंडलीचं नाव वाचा. एकाच पत्रिकेत लग्नकुंडली, राशिकुंडली आणि नवमांश कुंडली शेजारी शेजारी काढलेल्या असतात. नवमांशात बुध-रवीचा हा नियम लागत नाही, म्हणजे बहुतेक तुम्ही तीच उतरवताय. आणि पहिल्या घरात चंद्र दिसला तर ती राशिकुंडली तर नाही ना, हेही बघा. स्थळाला पाठवायची ती लग्नकुंडली.

एक मर्यादा लक्षात ठेवा. या तपासण्या उतरवण्याची चूक पकडतात. मुळात जन्मवेळच चुकीची सांगितली असेल, तर तक्ता कितीही नीटनेटका केला तरी लग्न चुकीचंच राहील. साधारण दोन तासांत लग्न बदलतं. म्हणून एखादं अक्षर लागलंच नाही, तर अंदाजाने ग्रह भरू नका. तिथे प्रश्नचिन्ह टाका आणि तक्त्यासोबत मूळ कागदाचा फोटो पाठवा.

आम्ही तेच केलं. दुरुस्त तक्ता आणि कागदाचा फोटो मामांना पाठवला, चूक माझी आहे हेही सांगितलं. ते स्थळ तोवर दुसरीकडे ठरलं होतं. मंगळ मानायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण नसलेला मंगळ कुणाच्या पत्रिकेत आपल्या बोटाने जाऊ नये, एवढं मात्र आपल्या हातात आहे.

भेटू पुढच्या भागात.