तळघरातला घेवडा आणि झाडांचं घड्याळ

मागच्या भागात लाजाळूचं पान स्पर्शाने कसं मिटतं ते पाहिलं. पण हीच पानं रोज संध्याकाळीही मिटतात, आणि तेव्हा त्यांना कोणी हात लावलेला नसतो. चिंच, शिरीष, टाकळा, रस्त्याकडेचा पर्जन्यवृक्ष आणि परसातला घेवडा यांचंही तेच. दिवस मावळला की कोणाची पानं जोडीने मिटतात, कोणाची खाली लोंबतात आणि सकाळी पुन्हा पसरतात. अलेक्झांडरच्या आरमारातल्या अँड्रोस्थेनिस या अधिकाऱ्याने आजच्या बहारीनच्या बेटावर असं झाड पाहून त्याची नोंद केली होती. वर्णनावरून ते चिंचेचं झाड असावं, असं मानतात.

पानाच्या देठाच्या बुडाशी एक छोटा फुगीर सांधा असतो. त्याच्या एका बाजूच्या पेशींत पोटॅशियमचे आयन शिरले की मागोमाग पाणी शिरतं आणि ती बाजू फुगते. त्याच वेळी समोरची बाजू पाणी सोडून सैल पडते आणि पान वळतं. पर्जन्यवृक्षाच्या सांध्यावर रूथ सॅटर यांनी १९७०च्या दशकात हे बारकाईने तपासलं. म्हणजे पान कसं हलतं, हे आपल्याला माहीत आहे. पण हलण्याची वेळ झाली, हे सांध्याला कोण सांगतं?

सरळ उत्तर असं की सूर्य सांगतो. ते १७२९ साली डगमगलं. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ द मेराँ यांनी लाजाळूसारखं एक रोप अंधारात ठेवलं. ऊन दिसत नसतानाही त्याची पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. लगेच शंका निघाल्या : कुठून तरी उजेड शिरत असेल, किंवा दिवसरात्रीच्या तापमानातला फरक रोपाला कळत असेल. म्हणून पुढे दुहामेल दु माँसो यांनी रोपं दारूच्या जुन्या तळघरात नेली, कारण तिथलं तापमान जवळजवळ बदलत नाही. पानं तरीही हलत राहिली.

एवढ्यावर घड्याळ झाडाच्या आत आहे असं म्हणता आलं असतं का? माझ्या मते नाही, आणि या विषयातली खरी मेख इथेच आहे. अंधाऱ्या खोलीतलं रोप रोज बरोबर चोवीस तासांनी पान मिटत असेल, तर त्याला बाहेरून काहीतरी कळतं आहे, हा संशय उलट बळावतो. पृथ्वीच्या फिरण्याबरोबर बदलणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत आणि त्या सगळ्या भिंतींनी अडत नाहीत. घड्याळ आतलं असेल, तर ते पृथ्वीशी तंतोतंत जुळण्याचं कारण नाही. एकटं सोडलं की ते थोडं पुढे किंवा मागे पडायला हवं. द काँदोल यांना १८३२ मध्ये हे दिसलं होतं. सतत दिव्यांच्या उजेडात ठेवलेल्या लाजाळूचा ‘दिवस’ २२-२३ तासांचा झाला होता. तरीही वाद जवळजवळ शंभर वर्षं चालला. तो कसा मिटला, ती हकिगत सविस्तर सांगण्यासारखी आहे.

हॅम्बुर्गच्या रोझ स्टॉपेल घेवड्याच्या पानांवर काम करत. रोपं कायम अंधारात, तापमान स्थिर, आणि पानाची हालचाल नोंदवणारं यंत्र. त्यांच्याकडची बहुतेक पानं पहाटे तीन-चारच्या सुमाराला सगळ्यात खाली झुकत आणि रोज तीच वेळ पाळत. अर्थात त्यांना बाहेरच्या अज्ञात घटकाचा संशय होता. हवेतलं विद्युतभारित कणांचं प्रमाण रोज चढतं-उतरतं, ते कारण असेल का? हा प्रश्न फ्रँकफुर्टमध्ये एर्विन ब्युनिंग आणि कुर्ट श्टेर्न या तरुणांकडे आला. त्यांनी हवेतल्या कणांचं प्रमाण बदलून पाहिलं. पानांवर काहीच परिणाम झाला नाही.

मग त्यांचं लक्ष एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीकडे गेलं. रोपांना पाणी घालायला आणि यंत्र पाहायला कोणीतरी रोज अंधाऱ्या खोलीत जात असे, आणि हातात मंद लाल दिवा असे. लाल उजेडाचा झाडाच्या हालचालीवर परिणाम होत नाही, अशी तेव्हा सर्वांची समजूत होती. ब्युनिंग आणि श्टेर्न यांनी वेळा मांडून पाहिल्या, तेव्हा लाल दिवा आत गेल्यापासून साधारण सोळा तासांनी पानं सगळ्यात खाली जातात असं दिसलं. स्टॉपेलबाई खोलीत सकाळी जात, म्हणून त्यांची पानं पहाटे झुकत. जाण्याची वेळ बदलली की झुकण्याचीही बदले. गूढ घटक तो दिवाच होता. झाडं लाल प्रकाश फार तीव्रतेने ओळखतात आणि त्यासाठी त्यांच्यात फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य असतं, हे विज्ञानाला कळायला अजून बरीच वर्षं होती.

मग दोघांनी सगळं सामान श्टेर्न यांच्या घराच्या बटाटे साठवायच्या तळघरात हलवलं आणि लाल दिवाही बंद केला. आता पानं रोज आदल्या दिवसापेक्षा जवळजवळ दीड तास उशिरा झुकू लागली. काही दिवसांत घेवड्याची रात्र बाहेरच्या भर दिवसात येऊन पडली. बाहेरच्या कोणत्याच गोष्टीची फेरी साडेपंचवीस तासांची नाही, म्हणून ही लय झाडाची स्वतःचीच असली पाहिजे. पुढे ब्युनिंग यांनी वेगवेगळ्या लयीच्या घेवड्यांचा संकर केला, तेव्हा ही लय आनुवंशिक असल्याचंही दिसलं.

मग रोजच्या जगण्यात हे घड्याळ चुकत कसं नाही? पूर्वी घरोघरी किल्लीचं घड्याळ थोडं मागे पडायचं आणि आकाशवाणीच्या वेळेला लोक ते लावून घ्यायचे, तसं झाड रोज पहाटेच्या आणि संध्याकाळच्या उजेडाला आपलं घड्याळ लावून घेतं.

आनुवंशिक म्हटलं की जनुकं आली. पण पान झुकताना दिसतं, जनुक चालू-बंद होताना दिसत नाही. अमेरिकेत स्टीव्ह के आणि अँड्र्यू मिलर यांनी १९९०च्या दशकात ते दिसण्याची सोय केली. मोहरीच्या कुळातल्या ॲरॅबिडॉप्सिस या इवल्याशा रोपात, हरितद्रव्याला धरून ठेवणारं प्रथिन बनवणारं एक जनुक रोज पहाटेच्या आधीच जागं होऊ लागतं. त्या जनुकाची कळ त्यांनी काजव्याच्या चमकण्याच्या जनुकाला जोडली. आता ती कळ चालू झाली की रोप अगदी अंधुक चमके आणि संवेदनशील कॅमेरा ते टिपे. सतत उजेडात ठेवलेली रोपंही साधारण २४.७ तासांच्या फेरीने चमकत-विझत राहिली. मग त्यांनी बियांवर रसायनाची प्रक्रिया करून जनुकांत बदल घडवले आणि हजारो रोपांतून वेळ चुकणारी रोपं शोधली. १९९५ मध्ये त्यांनी जाहीर केलेल्या एका रोपाची फेरी २१ तासांच्या आसपास होती. बिघडलेल्या जनुकाला ‘टॉक-१’ असं नाव मिळालं. त्या रोपाच्या पानांची हालचालही तशीच लवकर-लवकर होत होती. चमक आणि पान ही दोन्ही एकाच घड्याळाची कामं आहेत, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

घड्याळाचा गाभा सोपा करून सांगतो. पहाटे ‘सीसीए-१’ आणि ‘एलएचवाय’ ही दोन जनुकं जोरात असतात. त्यांची प्रथिनं ‘टॉक-१’ला आणि संध्याकाळच्या इतर जनुकांना दाबून ठेवतात. दिवसभरात ही प्रथिनं मोडून संपत जातात, तसा दाब सुटतो आणि सांजेला ‘टॉक-१’ डोकं वर काढतं. त्याचं प्रथिन आता सकाळच्या दोघांना दाबतं. रात्र सरता सरता तेही मोडतं आणि सकाळची जनुकं पुन्हा मोकळी होतात. प्रथिन बनायला आणि मोडायला लागणारा वेळ हाच या यंत्राचा वेग ठरवतो. २००१ मध्ये ही रचना पहिल्यांदा मांडली गेली, तेव्हा ‘टॉक-१’ सकाळच्या जनुकांना चालना देतं असं मानलं होतं. ते चालना देत नाही, दाबतं, हे २०१२ मध्ये स्पष्ट झालं. खऱ्या रचनेत आणखी बरीच जनुकं आहेत, पण एकमेकांना आळीपाळीने दाबण्याचं तत्त्व तेच. ॲरॅबिडॉप्सिसच्या सुमारे एक तृतीयांश जनुकांचं काम या घड्याळाच्या तालावर चढतं-उतरतं.

आता फुलांकडे वळू. गुलबक्षी दुपार कलल्यावर फुलते, ब्रह्मकमळ रात्री फुलतं, म्हणून त्यांना घड्याळ आहे असं म्हणायचा मोह होतो. पण ठरावीक वेळी उमलणं हा पुरावा नाही. ट्युलिपचं फूल ऊब मिळाली की उघडतं आणि गारव्यात मिटतं. परीक्षा तळघरातलीच घ्यावी लागते. त्यासाठी रातराणी सोयीची आहे, कारण तिचं तेच फूल अनेक रात्री उघडतं आणि मिटतं. लुलू ओव्हरलँड यांनी १९६० मध्ये दाखवलं की परिस्थिती कायम एकसारखी ठेवली तरी रातराणीचं उमलणं आणि सुगंधाची भरती दोन्ही लयीत चालू राहतात.

मॉर्निंग ग्लोरीची गोष्ट वेगळी आहे. नावावरून ती उगवत्या सूर्याची वाट पाहत असेल असं वाटतं, पण जपानमधल्या प्रयोगांत तिचं घड्याळ अंधार पडण्याच्या क्षणापासून मोजताना दिसलं. अंधार झाल्यावर साधारण दहा तासांनी कळी उमलते. उन्हाळ्यात सातला अंधार झाला तर फूल पाचच्या सुमाराला, म्हणजे उजाडता उजाडता. शरदात साडेपाचला दिवस मावळला तर साडेतीनलाच, मिट्ट काळोखात. हवा गार असेल तर याहूनही लवकर.

घड्याळाची जनुकं आणि फूल यांचा थेट संबंध एका रानतंबाखूत दाखवला गेला. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या वाळवंटात वाढणारी ही जात रात्री फूल वर उचलून सुगंध सोडते, कारण मोठे पतंग तेव्हा येतात, आणि दिवसा फूल खाली झुकवते. जर्मनीतल्या येना इथल्या संशोधकांनी तिच्या घड्याळातलं एक जनुक मुकं केलं. फूल नीट उमलेना, त्याचं वरखाली होणं बिघडलं आणि सुगंधही जवळजवळ गेला.

हा प्रयोग घरी करायचा असेल तर घेवड्याचं रोप घ्या, पण कपाटात कोंडू नका. अन्न न मिळाल्याने काही दिवसांत हालचाल मंदावते आणि घड्याळ थांबलं असा चुकीचा निष्कर्ष निघतो. बाहेरचा उजेड न येणाऱ्या खोलीत चोवीस तास एकच मंद दिवा ठेवा आणि ठरावीक अंतराने फोटो घ्या. दार उघडून बाहेरचा उजेड आत आला तर तेवढ्याने घड्याळ पुन्हा लागू शकतं. तसं होऊ नये म्हणून खोलीत जायचं ते रात्रीच, बाहेरचे दिवे बंद करून. उजेड सतत असल्यामुळे दीड तासाचा तळघरातला आकडा जसाच्या तसा मिळेल असं नाही. पाहायचं ते एवढंच की पान झुकण्याची वेळ रोज एकाच दिशेने सरकते का.

पुढच्या भागात शेवंती. तिला रात्रीची लांबी मोजता येते, आणि त्यासाठी ती हेच घड्याळ वापरते.