ओढ त्याची, की रविवार संध्याकाळची?

अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात काही विद्यार्थ्यांना चेहऱ्यांची चित्रं दाखवली गेली. एका टोकाला बाहुलीचा निर्जीव चेहरा, दुसऱ्या टोकाला जिवंत माणसाचा, आणि मधे दोघांची हळूहळू बदलत जाणारी मिसळ. प्रत्येक चित्राला ‘हा जिवंत वाटतो का?’ एवढंच उत्तर द्यायचं. त्याआधी एका गटाला प्रश्नावली भरायला लावून खोटंच सांगितलं होतं, की तुमच्या स्वभावावरून पुढचं आयुष्य बरंचसं एकटं जाणार. दुसऱ्या गटाला सांगितलं, की तुमची नाती घट्ट टिकतील. एकटेपणाचं भाकीत ऐकलेल्यांना बाहुलीकडे झुकलेल्या चेहऱ्यांतही जीव दिसू लागला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग प्रेमावर नव्हता. पण ज्याला समोरच्याच्या वागण्याचा नीट अर्थ लागत नाही आणि आपल्याही मनाचा भरवसा वाटत नाही, त्याच्या खूप कामाचा आहे. संगतीची गरज वाढली की ‘इथे कुणीतरी आहे’ असं मानायला लागणारा पुरावा कमी होतो.

ही गरज किती शारीरिक असते ते एमआयटीच्या लिव्हिया टोमोव्हा आणि रिबेका सॅक्स यांच्या चमूने २०२० मध्ये दाखवलं. ४० जणांना एक दिवस १० तास अगदी एकटं ठेवलं. माणूस नाही, फोनवर गप्पा नाहीत. दुसऱ्या एका दिवशी त्यांनाच १० तास उपाशी ठेवलं. उपाशी माणसाला खाण्याची चित्रं दाखवल्यावर मध्यमेंदूचा जो भाग उजळला, तोच भाग एकट्या राहिलेल्यांना माणसांच्या घोळक्याची चित्रं दाखवल्यावर उजळला. म्हणजे एकटेपण ही भूकच. आणि भुकेल्याला पदार्थाची निवड नीट करता येत नाही, हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही.

आता यात संदिग्धता मिसळली की काय होतं? व्हर्जिनिया विद्यापीठात २०११ च्या अभ्यासात ४७ विद्यार्थिनींना काही तरुणांचे फेसबुक प्रोफाइल दाखवले. काहींना सांगितलं, या मुलांना तू खूप आवडलीस. काहींना, ठीकठाक वाटलीस. तिसऱ्या गटाला सांगितलं, खूप आवडली असशील किंवा ठीकठाकच, नक्की माहीत नाही. सर्वांत जास्त ओढ या तिसऱ्या गटाला वाटली, आणि त्या मुलींनी सांगितलं की ती मुलं डोक्यात सारखी येत राहिली. अभ्यास छोटा, फक्त मुलींवर झालेला, तोही पहिल्या ओळखीपुरता. तरी त्यातून एक बाब हाती लागते. माणूस जितका डोक्यात घोळतो तितका तो आवडतो असा आपला समज होतो, आणि घोळण्याचं कारण कित्येकदा एवढंच असतं की त्याचं कोडं सुटलेलं नसतं.

एक उदाहरण रचून पाहू. नांदेडहून पुण्यात आलेली सत्तावीस वर्षांची मुलगी, नोकरी हिंजवडीत, राहणं बाणेरच्या पीजीत. टीममधला एक सहकारी रात्री साडेअकराला रील पाठवतो. ‘जेवलीस का?’ विचारतो. कधी आठ-दहा दिवस गप्प, मग एकदम तासभर गप्पा. कॉफीचा विषय काढला की ‘बघू ना’. ती मेसेज पुन्हा पुन्हा वाचते, मैत्रिणीला स्क्रीनशॉट पाठवते. बहुतेक मैत्रिणी इथे त्याच्या मनाचा शोध घ्यायला लागतात. खरं तर आधी तिचं वेळापत्रक पाहायला हवं.

ओढ कधी दाटते? समजा ती रविवारी संध्याकाळी दाटते, मेस बंद असते, रूममेट गावी गेलेली असते तेव्हा; आणि बुधवारी डेडलाइनच्या धावपळीत तो शेजारच्या खुर्चीवर बसलेला असूनही विशेष काही वाटत नाही. मग ती ओढ रविवारची आहे. याहून पक्की पारख नांदेडला मामेबहिणीच्या लग्नात होते. चार दिवस मावश्या, हळद, रात्रभर गप्पा. संगतीची भूक भागलेली. त्या गर्दीत तो आठवलाच नाही, तर अर्थ उघड आहे. पण मांडवातला एखादा विक्षिप्त काका पाहून ‘हे त्यालाच सांगायला हवं, तो अमुक म्हणेल’ असं मनात आलं, तर ती आठवण त्या माणसाची आहे. तिथे त्याच्या जागी दुसरा कुणी चालणार नाही.

आता त्याच्या इशाऱ्यांकडे. इथे फसगत दोन्ही बाजूंनी होते. एकटेपणावर अनेक वर्षं काम केलेले शिकागोचे मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो यांचं म्हणणं होतं, की दीर्घकाळ एकटा असलेला माणूस नकाराच्या चाहुलीलाही फार सावध होतो. म्हणून त्याच निळ्या टिका शुक्रवारी ‘तो लाजतोय’ आणि रविवारी ‘त्याला माझी पर्वा नाही’ असं सांगतात. यावर उपाय रुक्ष पण खात्रीचा आहे: घडलेलं तेवढंच लिहून ठेवायचं. ‘मंगळवारी रात्री रील पाठवलं, मी उत्तर दिलं, त्यावर काही नाही.’ अर्थ लिहायचा नाही. आठवड्याने वाचलं की किती गोष्टी त्याने केल्या आणि किती तिने मनात जोडल्या, ते वेगळं दिसतं. जोडीला त्याची इतरांशी वागण्याची रीत पाहायची. तो टीममधल्या चौघांना ‘जेवलात का?’ विचारत असेल, तर तो चांगल्या घरचा मुलगा आहे, इतकंच.

टोरांटो विद्यापीठाच्या स्टेफनी स्पीलमन यांच्या २०१३ च्या अभ्यासात, जोडीदाराविना राहण्याची धास्ती ज्यांना जास्त, ते फारसा प्रतिसाद न देणाऱ्या, आस्था न दाखवणाऱ्या व्यक्तीतही रस घेत असल्याचं दिसलं. बाणेरच्या मुलीने स्वतःला विचारायचा प्रश्न त्यातूनच येतो: हाच मेसेज, याच वेळी, दुसऱ्या एखाद्या बऱ्या सहकाऱ्याने पाठवला असता तर इतकंच बरं वाटलं असतं का?

एकटेपण असलं म्हणजे आवड खोटीच, असं मात्र नाही. एकटी माणसंही खरी प्रेमात पडतात, आणि दोन्ही भावना एकाच छातीत नांदतात. डोरोथी टेनोव्ह यांनी १९७९ च्या पुस्तकात शेकडो प्रेमवेड्यांच्या अनुभवांवरून लिहिलं, की हे वेड आशा आणि अनिश्चितता या दोहोंवर पोसतं. त्यामुळे अनिश्चितता काढून टाकली की उरतं काय, ते पाहता येतं. त्यासाठी दिवस, वेळ, ठिकाण सांगून विचारावं: ‘शनिवारी सकाळी दहाला गुडलकला येतोस?’ ‘शनिवारी नाही जमणार, रविवारी येऊ?’ हा होकार आहे. नुसतं ‘बघू’, आणि पुढे काहीच नाही, हा नकार आहे. त्यात उलगडण्यासारखं गूढ काही नाही.

तो आला, तर बन मस्का आणि चहावर दीड तास जातो. तेव्हा तिने त्याच्यापेक्षा स्वतःकडे लक्ष द्यावं. त्याच्या कामाबद्दल, घराबद्दल तिला आपणहून काही विचारावंसं वाटलं का? त्याचं एखादं न पटणारं मत ऐकूनही कुतूहल टिकलं का? की तो समोर असताना ती कंटाळली आणि रात्री पुन्हा त्याच्या मेसेजची वाट पाहू लागली? तसं झालं, तर तिला मेसेज हवा आहे. मग रविवारी संध्याकाळी मेस बंद असताना मजल्यावरच्या दोघी-तिघींना जमवून खिचडी टाकावी, आणि महिनाभराने त्या सहकाऱ्याबद्दल काय वाटतं ते पुन्हा तपासावं.