चौकट : पाठवलेला मेसेज कधी बदलावा?

व्हॉट्सअ‍ॅपवर मे २०२३ पासून पाठवलेला मेसेज १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो. तो दाबून धरला की मेनूत ‘Edit’ सापडते. बदलल्यावर वेळेशेजारी ‘Edited’ उमटते. पण आधी काय लिहिले होते ते इतरांना दिसत नाही आणि बदलाची सूचनाही कुणाच्या फोनवर येत नाही. म्हणून शुद्धलेखन गुपचूप सुधारले तरी चालते, आकडा किंवा तारीख मात्र नाही.

समजा, परभणीकडच्या एखाद्या शेतकरी ग्रुपवर तुरीवरच्या शेंगा पोखरणाऱ्या अळीसाठी इमामेक्टीन बेन्झोएट ५ टक्के, १० लिटर पाण्याला ४.४ ग्रॅम असे टाकायचे होते आणि टिंब निसटून ४४ झाले. दहाव्या मिनिटाला आकडा बदलला, तरी तोवर वाचून फवारणीचा पंप भरायला गेलेल्याला काहीच कळत नाही. दुसऱ्या ग्रुपवर फॉरवर्ड झालेली प्रतही ४४ च राहते. तेव्हा मूळ आकडा बदलावाच, शिवाय त्याच मेसेजला रिप्लाय देऊन लिहावे : ‘दुरुस्ती, स. ८.४०. आधी चुकून ४४ ग्रॅम लिहिले होते, ४.४ वाचावे. पुढे पाठवला असल्यास तिथेही कळवा.’ ग्रुपवर मेसेजची गर्दी होते ही तक्रार खरी, पण सुप्रभातच्या फुलांपुढे ही एक ओळ काहीच नाही. सगळ्यांसाठी डिलीट केले, तर नेमके काय चुकले होते हेच हरवते. १५ मिनिटे उलटल्यावर हा रिप्लायच काय तो हाती उरतो.