गाळा दुसऱ्याचा, बिल आपलं

कोल्हापुरात एक हार्डवेअरचं दुकान आहे असं धरू. दुकानदाराकडे जीएसटी नंबर आहे. गाळा मात्र एका निवृत्त शिक्षिकेच्या नावावर आहे आणि भाडं महिन्याला २५ हजार रुपये. बाईंचं भाड्याचं उत्पन्न वर्षाला ३ लाख. सेवा देणाऱ्याला नोंदणी सक्तीची होते ती २० लाखांच्या वर, म्हणून बाईंनी जीएसटी नंबर घेतलेला नाही आणि घ्यायचं कारणही नाही. २०२४च्या ऑक्टोबरपर्यंत या भाड्यावर कुणीच कर भरत नव्हतं, आणि ते नियमाला धरूनच होतं. सप्टेंबर २०२४मध्ये जीएसटी परिषदेच्या ५४व्या बैठकीत ठरलं आणि १० ऑक्टोबर २०२४पासून लागू झालं की, असा कर १८ टक्क्यांनी भरायचा आणि तो भाडेकरूने भरायचा. यालाच रिव्हर्स चार्ज म्हणतात. एरवी विकणारा ग्राहकाकडून कर घेतो आणि सरकारला भरतो. इथे विकणाऱ्याची नोंदणीच नाही, म्हणून कायद्याने जबाबदारी थेट घेणाऱ्यावर टाकली.

हा नियम लागू व्हायला तीन गोष्टी जुळाव्या लागतात: मालकाची नोंदणी नसावी, भाडेकरूची असावी आणि जागा राहण्याची नसावी. भाडेकरूकडेच जीएसटी नंबर नसेल, तर प्रश्न मिटला. भाडेकरू कंपोझिशन योजनेत असेल, तर १६ जानेवारी २०२५पासून तोही यातून सुटला आहे. आणि मालकाने उद्या नोंदणी केली, तर त्या दिवसापासून बिल तोच देणार, कर तोच लावणार. त्यामुळे भाडेकराराच्या नूतनीकरणाच्या वेळी मालकाला एवढं एक जरूर विचारावं.

आता बिलाचं. बाई जीएसटीचं बिल देऊ शकत नाहीत, त्यांना तो अधिकारच नाही. मग कराचा कागद कुठून येणार? तो दुकानदारानेच तयार करायचा. यालाच सेल्फ इन्व्हॉइस म्हणतात. सेवा मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत तो काढायचा, अशी मुदत १ नोव्हेंबर २०२४पासून नियमातच आहे. त्याआधी ठरावीक दिवस नव्हते, त्यामुळे वर्षअखेरीला बारा महिन्यांची बिलं एका बैठकीत लिहिण्याची सवय अनेक दुकानांत पडली होती. ती आता मोडायला हवी.

आपल्या दुकानदाराने जूनचं भाडं ५ जूनला बँकेतून दिलं. त्याच दिवशी त्याने सेल्फ इन्व्हॉइस काढला. विक्रीच्या बिलांत हा कागद मिसळू नये म्हणून त्याला वेगळी क्रमांकमालिका दिली: RCM/25-26/03. त्यावर बाईंचं नाव-पत्ता सेवा देणारी म्हणून, स्वतःचं नाव आणि जीएसटी नंबर घेणारा म्हणून. सेवेचा कोड 997212, म्हणजे बिगरनिवासी जागेचं भाडं. रक्कम २५,०००, केंद्राचा कर ९ टक्के म्हणजे २,२५०, राज्याचा तेवढाच. कर रिव्हर्स चार्जने भरायचा आहे, हा उल्लेख आणि खाली सही. सोबत पैसे दिल्याचं व्हाउचर लागतं, त्याला पेमेंट व्हाउचर म्हणतात. हे दोन कागद एकत्र लावून ठेवले की महिन्याचं लिखाण संपलं.

बाईंच्या हातात पूर्ण २५ हजारच जातात. कर त्यातून कापायचा नसतो, तो भाड्यावर वेगळा भरायचा असतो. या एका गैरसमजातून मालक आणि भाडेकरूंत उगाच कटुता येते.

कर भरताना आणखी एक जागा अडते. दुकानदाराच्या खात्यात माल खरेदीचं ६० हजारांचं क्रेडिट पडून आहे. त्यातून हे ४,५०० वळते करता येत नाहीत. रिव्हर्स चार्जचा कर रोखीनेच, म्हणजे चलन करून पोर्टलवरच्या कॅश लेजरमध्ये पैसे भरून द्यावा लागतो. जूनचं GSTR-3B भरण्याची मुदत २० जुलै. त्यात 3.1(d) या रकान्यात २५,००० आणि दोन्ही कर दाखवायचे, आणि त्याच विवरणपत्रात 4(A)(3)मध्ये तेच ४,५०० क्रेडिट म्हणून घ्यायचे. म्हणजे रोख गेलेला पैसा त्याच महिन्यात विक्रीच्या करातून वळता होतो. हे क्रेडिट GSTR-2Bमध्ये शोधायला जाऊ नये. तिथे नोंदणी असलेल्या पुरवठादारांची बिलं दिसतात, आपण स्वतः लिहिलेलं बिल तिथे येत नाही. त्याचा पुरावा म्हणजे आपल्या फाइलमधला कागद.

कर कोणत्या महिन्यात धरायचा? पैसे दिल्याची तारीख किंवा सेल्फ इन्व्हॉइसची तारीख, यांतली जी आधी येईल ती. म्हणून भाडं थकवलं तरी कर थकत नाही. ३० दिवसांत बिल काढावंच लागतं. उलट तीन महिन्यांचं भाडं आगाऊ दिलं, तर कर तिन्ही महिन्यांचा आताच. डिपॉझिटवर मात्र कर नाही, ते परत मिळणारं आहे तोवर. ते भाड्यात वळतं केलं, की त्या दिवशी ते भाडं होतं.

चूक झाली आहे का, हे ओळखायची एक सोपी परीक्षा आहे. हिशेबाच्या वहीत भाड्याचं खातं उघडावं, वर्षाची बेरीज घ्यावी आणि ती वर्षभराच्या 3.1(d)शी ताडून पाहावी. भाडं ३ लाख आणि रकाना कोरा असेल, तर ५४ हजारांचा कर राहिला आहे. ताळेबंद तपासणाऱ्या अधिकाऱ्यालाही हे दोन आकडे समोरासमोर ठेवायला वेळ लागत नाही. राहिलेला कर भरताना वर्षाला १८ टक्के व्याज लागतं. ४,५०० रुपये सहा महिने राहिले, तर ४०५ रुपये. क्रेडिट मात्र बुडतंच असं नाही. जून २०२४च्या परिपत्रकानुसार क्रेडिटची मुदत सेल्फ इन्व्हॉइस ज्या आर्थिक वर्षात काढला त्या वर्षावरून मोजतात. पण त्यानंतर ३० दिवसांचा नियम आला आहे आणि उशिरा काढलेल्या कागदावर दंडाचा प्रश्न उभा राहू शकतो, म्हणून या सवलतीच्या भरवशावर बसू नये.

हार्डवेअरवाल्याला पैसे फिरवावे लागतात, पण शेवटी खिसा रिकामा होत नाही. ज्यांना क्रेडिटच मिळत नाही त्यांची स्थिती वेगळी आहे, आणि मला याच लोकांची जास्त काळजी वाटते. साधं हॉटेल ग्राहकाकडून ५ टक्के कर घेतं, त्या दरात क्रेडिटला मनाई आहे. २२ सप्टेंबर २०२५पासून सलूनही याच ५ टक्क्यांच्या, क्रेडिट नसलेल्या दरात आली आहेत. अशा हॉटेलचं भाडं ६० हजार असेल, तर महिन्याला १०,८०० रुपये निव्वळ खर्च, वर्षाला १,२९,६००. बिननोंदणीच्या मालकाचा गाळा स्वस्त पडतो, हा जुना हिशेब त्यांच्यासाठी संपला. नोंदणी असलेला मालकही १८ टक्केच लावणार. दरवाढीच्या बोलणीत हा आकडा मालकापुढे मांडायला हरकत नाही.

दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या हॉटेलवाल्याला कंपोझिशन हा दुसरा रस्ता आहे. तिथे भाड्यावर रिव्हर्स चार्ज नाही. तिथेही विक्रीवर ५ टक्केच, पण ते ग्राहकाच्या बिलात वेगळे लावता येत नाहीत, स्वतःच्या पदरचे भरावे लागतात. ज्याच्या मेनूकार्डावरचे दर आधीच करासहित आहेत, त्याचा करभार जवळपास तेवढाच राहतो आणि भाड्यावरचे १०,८०० वाचतात. जो बिलाच्या तळाशी कर वेगळा लावतो, त्याने आधी महिन्याची विक्री मांडावी: ६ लाखांवर ५ टक्के म्हणजे ३० हजार, आणि वाचणार १०,८००.