अर्ध्या वाटेवर ऊर्जा निम्मी नसते

एका गणितात गुळगुळीत टेबलावर 500 ग्रॅमचा ठोकळा 200 N/m च्या स्प्रिंगला जोडलाय आणि मध्यापासून 10 सेंमी ओढून सोडलाय. आधी हे अंतर नीट पाहा: ते मध्यापासून मोजलंय, म्हणून आयाम 10 सेंमी. टोकापासून टोकापर्यंत असतं तर आयाम 5 सेंमी धरावा लागला असता. ω = √(k/m) = 20 rad/s, म्हणून आवर्तकाल 2π/ω, साधारण 0.31 सेकंद. कमाल वेग Aω = 2 m/s, तोही फक्त मध्यातून जाताना.

आता 5 सेंमीवर ऊर्जेची वाटणी कशी होते? निम्मी-निम्मी, असं पटकन वाटतं, पण स्थितिज ऊर्जा ½kx², म्हणजे विस्थापनाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. एकूण 1 ज्यूलपैकी स्प्रिंगमध्ये 0.25 आणि गतीत 0.75 ज्यूल, म्हणून वेग अजून 1.73 m/s! समान वाटणी होते ती 7.07 सेंमीवर. स्प्रिंग उभी टांगली तर गुरुत्वाकर्षणाने हे बिघडेल, अशी शंका रास्त आहे. पण विस्थापन नव्या समतोल स्थितीपासून मोजलं, तर ½kx² मध्ये स्प्रिंग आणि गुरुत्व दोन्हींची स्थितिज ऊर्जा मिळून येते आणि वाटणी तशीच राहते. घर्षण असेल, तर मात्र हा हिशेब चालत नाही.