संमुख बाजू कोणाची?

नववीत त्रिकोणमिती सुरू होते, तेव्हा फळ्यावरचा काटकोन त्रिकोण बहुतेक वेळा एकाच ठरलेल्या पद्धतीने काढलेला असतो. काटकोन खालच्या कोपऱ्यात, एक बाजू आडवी, एक उभी आणि कर्ण तिरका. हे चित्र इतकं सवयीचं होतं की मुलं मनाशी ठरवून टाकतात, उभी ती संमुख बाजू आणि आडवी ती लगतची. चित्र फिरवलं की हा हिशेब कोलमडतो.

एक त्रिकोण कागदावर काढून पाहा. PR ही 17 सेंटिमीटरची बाजू खाली आडवी आणि Q हा शिरोबिंदू वर. PQ 8 सेंटिमीटर, QR 15 सेंटिमीटर. काटकोन वर, Q पाशी आहे. इथे एकही बाजू उभी नाही आणि आडवी बाजू चक्क कर्ण आहे. कर्ण तिरकाच असतो असं धरून चालणारा विद्यार्थी QR ला कर्ण म्हणतो, PR ला संमुख बाजू म्हणतो आणि sin P = 17/15 लिहून मोकळा होतो. ही चूक निदान लपत नाही, कारण कर्ण सर्वांत मोठी बाजू असल्याने साइनची किंमत 1 च्या वर जाऊच शकत नाही.

म्हणून आधी काटकोनाची खूण शोधावी. तिच्या समोरची बाजू कर्ण, मग ती कशीही पडलेली असो. नंतर विचारलेल्या कोनावर, समजा P वर, बोट ठेवावं. P ला न शिवणारी बाजू QR, ती संमुख. P पासून काटकोनापर्यंत जाणारी PQ, ती लगतची. म्हणजे sin P = 15/17. बोट R वर नेलं की PQ संमुख होते आणि QR लगतची. कर्ण मात्र तोच राहतो.

या दोन बाजूंची अदलाबदल झाली तर उत्तर 8/17 येतं. ते 1 पेक्षा कमी असल्यामुळे संशय येत नाही, आणि म्हणूनच ही चूक मला जास्त घातक वाटते. ती पकडायची तर कोनाचा आकार पाहावा. P समोरची 15 ची बाजू 8 च्या बाजूपेक्षा मोठी आहे, म्हणजे P 45 अंशांपेक्षा मोठा हवा. 15/17 वरून तो सुमारे 62 अंश येतो, 8/17 वरून जेमतेम 28.

आता Q पासून PR वर QS हा लंब टाका. PQS या लहान त्रिकोणात काटकोन S पाशी आला, त्यामुळे मघाशी लगतची असलेली PQ इथे कर्ण झाली. PS ची लांबी 64/17 सेंटिमीटर येते. तिला 8 ने भागलं की cos P = 8/17, म्हणजे मोठ्या त्रिकोणातून मिळतं तेच उत्तर. पालकांनी आणि शिक्षकांनी हा त्रिकोण मुलांसमोर वही फिरवून चारही बाजूंनी धरावा आणि प्रत्येक वेळी कोन बदलून बाजूंची नावं विचारावीत.